दिसतं, पण वाचता येत नाही: बाबांच्या फोनमध्ये आधी काय चालू करायचं?

प्रश्न: बाबा ७१ वर्षांचे आहेत, नागपुरात मानेवाड्याला एकटे राहतात. डोळ्यांच्या पडद्याला मॅक्युलर डिजनरेशन झालंय, "मधलंच दिसत नाही" म्हणतात. फोन अँड्रॉइड आहे. मी पुण्याहून आले तेव्हा पडदा वाचून दाखवणारा टॉकबॅक, मोठी अक्षरं, आवाजी सूचना असं सगळं एकदम चालू करून दिलं, तर फोन उघडेचना. आता बाबा म्हणतात, "काही नको करू, होता तसा राहू दे." नक्की काय चालू करू आणि कोणत्या क्रमानं?

उत्तर:

ताई, आधी बाबांचा फोन मोकळा करा, बाकीचं नंतर. आवाज वाढवायचं आणि कमी करायचं अशी दोन्ही बटणं एकत्र तीन-चार सेकंद दाबून धरा. टॉकबॅकचा शॉर्टकट चालू असेल तर तेवढ्यानं तो बंद होतो आणि फोन तसं बोलूनही सांगतो. शॉर्टकट नसेल तर सेटिंग्जमधून जावं लागेल, पण बोटांची पद्धत बदलून: Settings च्या चिन्हावर एकदा बोट ठेवा, भोवती चौकट येईल, मग पडद्यावर कुठेही दोनदा टकटक करा. यादी वरखाली करायला एक बोट चालणार नाही, दोन बोटं एकत्र सरकवा. असं करत Accessibility, त्यात TalkBack, आणि तिथला स्विच. कुलूप लावलेला पडदा उघडायलाही दोन बोटं वर सरकवायची.

फोन बिघडला नव्हता. टॉकबॅक चालू असताना एका बोटाच्या स्पर्शाचा अर्थच बदलतो. एरवी आपण चिन्हाला बोट लावलं की ते उघडतं. टॉकबॅकमध्ये बोट लावलं की फोन फक्त सांगतो, इथे काय आहे ते. उघडायचं असेल तर दोनदा टकटक. ज्याला पडदा अजिबात दिसत नाही त्याच्यासाठी हे बरोबरच आहे, कारण न बघता चुकून काही दाबलं जाऊ नये. पण ज्याला चिन्हं दिसतात त्याचा हात वर्षानुवर्षांच्या सवयीनं एकदाच टेकतो, काहीच घडत नाही, मग तो जोरात दाबतो, मग चिडतो. सक्करदऱ्याच्या एका काकांनी अशा वेळी फोन माझ्यापुढे सरकवून विचारलं होतं, "हा काहून बोलून राहिला? मी तर त्याला काही विचारलंच नाही." त्यांचं म्हणणं रास्त होतं. त्यांना त्या घडीला टॉकबॅकची गरजच नव्हती.

तुमच्या बाबांनाही आत्ता नसावी, असं मला त्यांच्या आजारावरून वाटतं. मॅक्युलर डिजनरेशनमध्ये नजरेचा मधला भाग जातो आणि कडेचा बहुतेक राहतो. म्हणून असा माणूस घरात न धडपडता फिरतो, दारात कोण आलं ते अंगलटीवरून ओळखतो, फोनवर व्हॉट्सअॅपचं हिरवं चिन्ह कुठे आहे हेही त्याला कळतं. पण ज्या अक्षरावर तो नजर रोखतो, नेमकं तेच नाहीसं होतं. म्हणजे फोनमध्ये वाट काढणं त्याला जमतं, वाचणं जमत नाही. ही दोन कामं वेगळी धरली की काय चालू करायचं याचा निम्मा निर्णय होऊन जातो. वाट काढण्यासाठी मोठा, ठळक पडदा. वाचण्यासाठी हवं तेव्हाच बोलणारं साधन. आणि फोन लावण्यासारख्या रोजच्या कामाला आवाजी सूचना. टॉकबॅक यानंतर.

काचबिंदू असता तर मी उलट सांगितलं असतं. त्यात कडेची नजर जाते आणि मधे एक छोटी खिडकी उरते. अक्षर खूप मोठं केलं की त्या खिडकीत शब्द मावत नाही, एकेक अक्षर शोधत बसावं लागतं. तिथे अक्षर बेताचं, पण काळ्यापांढऱ्याचा फरक जास्त, आणि बोलणारा फोन लवकर. म्हणून दुसऱ्या कुणाच्या आजोबांच्या फोनमधली सेटिंग्ज बघून तशीच इथे लावू नका.

आता मोठा पडदा. यात घरोघरी एकच गोष्ट दिसते: मुलं अक्षराचा आकार शेवटच्या टोकाला नेऊन ठेवतात. तसं न करता बाबांना त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत, नेहमीच्या उजेडात, नेहमीचा चष्मा लावून बसवा आणि संपर्कांच्या यादीतलं एखादं नाव वाचायला सांगा. Settings मध्ये Display किंवा Accessibility खाली Font size सापडेल. एकेक पायरी वाढवत जा. ज्या आकाराला ते अडखळत का होईना नाव वाचतात, तो त्यांचा काठावरचा आकार. काठावर राहून कुणी आरामात वाचू शकत नाही. सहज वाचायला अंदाजे त्याच्या दुप्पट आकार लागतो. लो-व्हिजन, म्हणजे उरलेली कमी नजर, तपासणारेही हाच हिशेब धरतात. बाबांचा काठ फॉन्टच्या अगदी खालच्या पायऱ्यांवर असेल तर वरची पायरी लावून काम भागू शकेल. काठच शेवटच्या पायरीवर असेल, तर फॉन्ट वाढवून वाचन होणार नाही हे तिथेच ओळखा आणि वाचायचं काम आवाजाकडे द्या.

आकार दुप्पट करायचा आणखी एक मार्ग आहे, त्याला सेटिंग लागत नाही: फोन निम्म्या अंतरावर धरणं. ४० सेंटिमीटरवर धरलेला फोन २० सेंटिमीटरवर आणला की डोळ्याच्या पडद्यावर अक्षर दुप्पट मोठं पडतं. पण या वयात इतक्या जवळचं स्पष्ट दिसायला साधा वाचायचा चष्मा पुरत नाही, साधारण ५ नंबरच्या भिंगाची ताकद लागते. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या डोळ्यांच्या विभागात, किंवा बाबांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, लो-व्हिजनची तपासणी आणि जवळचं भिंग यासाठी मुद्दाम विचारा. आपण विचारल्याशिवाय हा विषय बहुतेक निघत नाही. आणि सरळ रेषा, म्हणजे दाराची चौकट किंवा खिडकीचे गज, अचानक वाकडे दिसू लागले तर फोन बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठा. ते डोळ्याच्या पडद्यात पाणी किंवा रक्त झिरपल्याचं लक्षण असू शकतं आणि त्यात उशीर चालत नाही.

Font size च्या शेजारी Display size असतो. या दोघांत गल्लत होते. पहिल्यानं फक्त अक्षरं वाढतात, दुसऱ्यानं चिन्हं, बटणं, रकाने सगळंच फुगतं. Display size एक पायरी वाढवा, फार तर दोन. त्यापुढे गेलात तर पैसे पाठवायच्या अॅपमध्ये खालचं बटण पडद्याबाहेर जातं आणि बाबांना वाटतं की अॅप अडकलं. हे आधीच कळावं म्हणून आकार बदलल्यावर त्यांची रोजची तीन-चार अॅप त्यांच्यासमोर उघडून शेवटच्या बटणापर्यंत जाऊन बघा. बटण दिसत नसेल तर पायरी मागे घ्या.

त्यानंतर ठळकपणा. Accessibility मध्ये High contrast text चालू केलं की फिकट करड्या अक्षरांचा त्रास बराच कमी होतो. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं, म्हणजे Dark theme, बऱ्याच जणांना डोळ्यांना बरी वाटते, पण सगळ्यांना नाही. दोन्ही दाखवून बाबांनाच निवडू द्या. रंग उलटे करणारं Color inversion मात्र टाळा. त्यात नातवाचा फोटो निगेटिव्हसारखा दिसतो आणि चेहरे ओळखू येत नाहीत. नागपूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात अंगणात बसून कोणत्याही सेटिंगनं नीट दिसणार नाही. काचेवरची चकाकी मधली नजर गेलेल्याला जास्त छळते. फोनचं काम सावलीत, खिडकीकडे पाठ न करता बसून करायचं, म्हणजे उजेड काचेवर आपटत नाही.

उरलेल्या बारीक मजकुरासाठी Magnification, म्हणजे फोनमधलंच भिंग. पडदा मोठा होतो, दोन बोटांनी सरकवायचा, चिमटीनं कमीजास्त करायचा. हे चालू करताना शॉर्टकट कोणता हे फोन विचारतो, आणि तिथे तीनदा टकटक करण्याचा पर्याय दिसायला सोपा वाटतो. तो घेऊ नका. बाबा डायल पॅडवर एखादा नंबर लावत असतील आणि त्यात ७७७ असे लागोपाठ तीन आकडे असतील, तर तिसऱ्या सातला पडदा एकदम फुगतो आणि बाकीचे आकडे बाहेर जातात. शिवाय तिसरी टकटक येते की काय याची फोन वाट बघतो, त्यामुळे प्रत्येक स्पर्शाला किंचित उशीर होतो आणि वयस्क माणूस पुन्हा दाबतो. त्याऐवजी पडद्याच्या कडेला तरंगणारं अॅक्सेसिबिलिटीचं बटण घ्या. ते फिकट आणि लहान असतं, पण Accessibility च्या शॉर्टकटमध्ये त्याचा आकार मोठा आणि फिकटपणा कमी करता येतो. बाबांचा उजवा अंगठा जिथे टेकतो तिथे ते ओढून ठेवा.

आता वाचणं. टॉकबॅकच्याच यादीत Select to Speak नावाचं दुसरं साधन आहे, आणि तुमच्या बाबांसाठी मी सगळ्यात जास्त भर याच्यावर देईन. बोटांची पद्धत यात जराही बदलत नाही. फोन नेहमीसारखा चालतो. काही वाचून हवं असेल तेव्हा कडेचं बटण दाबायचं आणि त्या मजकुरावर बोट ठेवायचं. तेवढं वाचून फोन गप्प होतो. बँकेचा मेसेज आला, मेसेज उघडला, बटण, बोट, ऐकलं, झालं. बटण आधी, बोट नंतर, हा क्रम हाताला बसायला एखादी दुपार लागते. सुरुवातीला ते बटण विसरून थेट मजकुरावर बोट ठेवतील आणि फोन गप्प राहील, तेव्हा घाईनं तुम्ही बटण दाबून देऊ नका.

हे साधन निकामी वाटण्याचं खरं कारण बहुतेक वेळा आवाज असतो. फोनचा बोलण्याचा आवाज इंग्रजीचा असेल तर देवनागरी मजकूर तो गाळतो किंवा भलतंच काही म्हणतो. Settings मध्ये वरच्या शोधायच्या रकान्यात Text-to-speech लिहा. इंजिन म्हणून Speech Services by Google निवडा, त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठीचा आवाज उतरवून घ्या आणि भाषा मराठी ठेवा. उतरवताना वायफाय असलं तर बरं. तिथेच बोलण्याचा वेग आहे; तो नेहमीपेक्षा जरा कमी करा. आठवड्याभरात बाबा स्वतःच "लवकर बोलायला सांग त्याला" म्हणतील. आवाज एकदम नाहीसा झाला तर लगेच सेटिंग्ज उलटीपालटी करू नका. या बोलण्याचा आवाज रिंगटोनपासून आणि गाण्यांपासून वेगळा धरलेला असतो. फोन बोलत असतानाच आवाज वाढवायचं बटण दाबलं तर तोच वाढतो. फोन गप्प असताना दाबलं तर दुसराच कुठला तरी वाढतो.

एक काम घरच्यांचं आहे. नातेवाईक व्हॉट्सअॅपवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात, "kase ahat kaka", आणि ते वाचताना फोन इतका अडखळतो की ऐकणाऱ्याला काही उमगत नाही. फोटोवर छापलेला सुप्रभात संदेशही त्याला नीट वाचता येईल असं धरून चालू नका. बाबांच्या कुटुंबाच्या ग्रुपवर सांगून ठेवा: त्यांना देवनागरीत लिहा, नाहीतर सरळ बोलून पाठवा.

आवाजी सूचनांकडे येऊ. इथे Voice Access नावाचं अॅप हमखास सुचवलं जातं. ते मुख्यतः हात चालत नाहीत अशा लोकांसाठी आहे. पडद्यावरच्या बटणांना ते छोटे आकडे चिकटवतं आणि तो आकडा किंवा बटणाचं नाव बोलायचं असतं. ज्याला यातलं काही वाचताच येत नाही त्याला त्याचा काय उपयोग? बाबांसाठी गूगलचा साधा माइक पुरतो. त्याची भाषा मराठी ठेवा आणि सूचना दोन-तीनच शिकवा: अमक्याला फोन लाव, किती वाजले, उद्या सकाळी सहाचा गजर लाव. लिहिण्यासाठी कीबोर्डवरचा माइक आहे, तोही मराठी घेतो. पण चुकून भलताच मजकूर जाऊ शकतो म्हणून व्हॉट्सअॅपवर बाबांनी बोलून निरोप पाठवणं जास्त सोपं.

फोन लावण्याच्या सूचना फसतात त्या बऱ्याचदा संपर्कांच्या नावांमुळे. तुमच्या बाबांच्या फोनमध्ये बहुधा "Sanjay new no" आणि "Sanjay Koradi jio" अशी नावं असतील. बाबा म्हणतात, "संजयला फोन लाव." फोन दोन नावं पडद्यावर दाखवून कोणता संजय ते विचारतो, आणि तिथे पुन्हा वाचायची वेळ येते. म्हणून रोज लागणारे आठ-दहा नंबर घ्या आणि नावं देवनागरीत, लहान, एकमेकांपासून ऐकायला वेगळी ठेवा: "संजय कोराडी", "संजय महाल", "डॉक्टर", "सिलेंडर", "मंगल". प्रत्येक नाव बाबांकडून त्यांच्याच आवाजात, त्यांच्या घरात, पंखा किंवा कूलर चालू असताना बोलवून बघा. कूलरच्या आवाजात जे नाव चुकतं ते बदला. फोन तोंडाजवळ धरून बोललं तर फरक पडतो.

आवाजी सूचनांना बहुतेक वेळा इंटरनेट लागतं आणि पडदा कुलूपबंद असताना त्या अडू शकतात. म्हणून तुमचा, शेजाऱ्यांचा आणि डॉक्टरांचा थेट फोन लागेल असे शॉर्टकट पहिल्या पडद्यावर ठेवा, तेही ठरलेल्या कोपऱ्यात: वर डावीकडे लेक, वर उजवीकडे शेजारी, खाली डॉक्टर. बाकीची चिन्हं त्या पडद्यावरून काढून टाका. कडेच्या नजरेला जागा लक्षात राहते, अक्षर दिसावं लागत नाही.

एवढं बसल्यावर टॉकबॅक. तो कधी लागेल याची खूण अशी: बाबा चिन्हं शोधताना चुकू लागतात, पडदा चेहऱ्याला लावूनही बटण सापडत नाही, किंवा अर्ध्या तासात डोकं दुखतं. तोपर्यंत थांबलं तरी चालेल, पण तोंडओळख आधी करून ठेवलेली बरी, नजर थोडी उरलेली असताना शिकणं सोपं जातं. टॉकबॅकच्या पानावर शॉर्टकट म्हणून दोन्ही व्हॉल्यूम बटणं निवडा आणि त्या बटणांवर दुसरं काहीही ठेवू नका. दोन साधनं तिथे ठेवली तर फोन "यातलं कोणतं?" अशी यादी दाखवतो आणि बाबा तिथेच अडकतात. पहिल्या दिवशी फक्त चालू आणि बंद करणं शिकवा, त्यांच्या हातानं, पुन्हा पुन्हा. आपण यातून हवं तेव्हा बाहेर येऊ शकतो हे कळलं की निम्मी भीती जाते.

मग चार हालचाली, रोज थोड्या. बोट फिरवून ऐकणं. दोनदा टकटक करून उघडणं. एका बोटानं उजवीकडे झटका देऊन पुढच्या गोष्टीवर जाणं. दोन बोटांनी यादी सरकवणं. आलेला फोन उचलायला आणि ठेवायला अलीकडच्या फोनमध्ये दोन बोटांनी दोनदा टकटक पुरते, पडद्यावर कुठेही. हे तुम्ही शेजारच्या खोलीतून फोन लावून सराव करून घ्या. खरा फोन आल्यावर शिकवायला जाल तर रिंग संपेपर्यंत दोघांचाही गोंधळ उडेल. सरावाची वेळ संपली की टॉकबॅक बंद करून फोन त्यांच्या सवयीच्या अवस्थेत परत द्या.

पैशांच्या व्यवहाराबद्दल. टॉकबॅक चालू असताना पिनचे आकडे बोलले जाऊ शकतात, त्यामुळे बाहेर, दुकानात, बसमध्ये इअरफोन लावूनच. बँकेची आणि पैसे पाठवायची अॅप या साधनांबरोबर सारखी चालत नाहीत. काहींत बटणांना नावच दिलेलं नसतं आणि फोन नुसतं "बटण" म्हणतो. बाबांचं अॅप तसं असेल तर तुमच्या नंबरवर एक रुपया पाठवून पूर्ण व्यवहार त्यांच्याकडून करून घ्या. रक्कम त्यांना ऐकू आली की नाही ते तिथे कळतं. ऐकू येत नसेल तर त्या अॅपवर एकट्यानं व्यवहार नको, दुसरं अॅप बघा.

आणि शेवटी Accessibility चं पान. टॉकबॅक किंवा Select to Speak चालू करताना फोन इशारा देतो की या साधनाला पडद्यावरचं सगळं बघता येईल आणि तुमच्या वतीनं दाबताही येईल. वाचून दाखवायचं तर ते बघावंच लागतं, म्हणून या दोघांना ती परवानगी द्यायची. पण फसवणारी अॅपही हीच परवानगी मागतात, "वीज तोडली जाईल, हे अॅप टाका" असा फोन करून. ती दिली की पिनसकट सगळं त्यांच्या हाती जातं. बाबांना सांगून ठेवा की या पानावर फक्त लेक हात लावेल, फोनवरून कुणीही सांगितलं तरी नाही. तुम्ही नागपूरला याल तेव्हा दरवेळी ते पान उघडा, Downloaded apps खाली अनोळखी नाव चालू दिसलं तर आधी बंद करा, मग ते अॅप काढून टाका, आणि त्याच दिवशी बँकेला कळवून पिन बदला.